खाली छज्जा, वर गल्ली

दवाखान्याच्या काउंटरवर काचेचा एक वाडगा होता आणि त्यात दात कोरायच्या काड्या असत. फुकट. पेशंट जाताना दोन-चार उचलत, काही जण मूठभर. दातांच्या डॉक्टरने काड्या का वाटाव्यात, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. शिंप्याने नव्या कोटाबरोबर सेफ्टी पिना दिल्या तर माणूस दोन शब्द बोलतो. दातांच्या बाबतीत मात्र आपण तोंड उघडतो ते फक्त दाखवायला.

वाडगा मोठ्या डॉक्टरांनी ठेवला होता. मोठे डॉक्टर म्हणजे या दवाखान्याचे मालक. वय अडुसष्ट, हात स्थिर आणि मत त्याहून स्थिर. त्यांनी तीस वर्षं दाढांमध्ये चांदी भरली. एकाची तक्रार आली नाही, हे ते सांगत आणि ते खरंही होतं. मग लोकांना काळी दाढ नकोशी झाली आणि पांढरं फिलिंग आलं. मोठ्या डॉक्टरांनी पांढरा मसाला मागवला, तो कडक करायला निळ्या उजेडाचा दिवा घेतला आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. वाडगा त्यानंतर वर्षभराने आला. या दोन गोष्टींचा संबंध फक्त एका माणसाने लावला, आणि ती दुर्दैवाने त्यांची सून होती.

सूनबाईही दातांचीच डॉक्टर. लग्नानंतर दवाखान्यात दुसरी खुर्ची आली ती तिच्यासाठी. काउंटरवरच्या डायरीत दोन रकाने झाले, डावा सासऱ्यांचा आणि उजवा सुनेचा. डाव्या रकान्यात दर वीस मिनिटांना एक नाव असे. सुनेला दोन दाढांमधल्या फिलिंगला पन्नास मिनिटं लागत.

"पन्नास मिनिटांत मी तीन दाढा भरतो," मोठे डॉक्टर म्हणाले होते.

"आणि त्यातल्या दोन परत येतात, सर," सून म्हणाली होती. घरी ती त्यांना बाबा म्हणे, दवाखान्यात सर. हे वाक्य घरी म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून उजव्या रकान्यात फक्त दातांची साफसफाई येऊ लागली. फिलिंग बंद. त्याला आता चार महिने झाले होते. चार महिने सून लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडत होती आणि तिचे बँड, पाचरी आणि रिंगांचा डबा कपाटात पडून होता. मधल्या काळात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्याने तिला बोलावलं. शनिवारपर्यंत हो की नाही सांगा, म्हणाले. बुधवारी रात्री जेवताना तिने घरात जाहीर केलं, "फिलिंग परत मिळणार नसतील तर मी शनिवारी हो म्हणणार."

नवरा म्हणाला, "हं." त्याचं काम कॉम्प्युटरवर होतं आणि घरात तो तटस्थ राष्ट्र होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "जिथं पन्नास मिनिटं देतात तिथं जा बापडी. पेशंट तिथंच म्हातारे होतील."

सासूबाई डाव्या बाजूने चावत होत्या.

गुरुवारी अकराला सासूबाई दवाखान्यात आल्या, पर्स काखेत धरून. काउंटरवर मावशी होत्या. मावशी रिसेप्शनला बसत, खुर्चीपाशी मदतीला उभ्या राहत आणि भांडणात कुणाच्याच बाजूने नसत. निदान तसं दाखवत.

"सर आत आहेत, वहिनी. पोस्टमास्तरांचं फिलिंग चाललंय."

"त्यांना भेटायला मी दवाखान्यात कशाला येऊ? रोज भेटतात." सासूबाईंनी डायरी स्वतःकडे फिरवली. "उजवीकडे माझं नाव लिही. दाढ दुखतेय."

"उजवीकडे साफसफाईच असते, वहिनी."

"मग साफसफाई लिही. पुढचं आम्ही बघू."

सुनेला आधी वाटलं काही निरोप असेल. सासूबाई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि खालच्या उजव्या दाढेकडे बोट दाखवलं.

"सात महिने झाले. पालेभाजीचा देठ म्हणू नकोस, मटणाचा धागा म्हणू नकोस, जे खाईन ते इथं जाऊन बसतं. मग रात्री ठणकतं."

"आई, सात महिने? आणि बोलला नाहीत?"

"बोलले ना. ह्यांना बोलले. म्हणाले, चावताना तुझं लक्ष कुठं असतं." सासूबाईंनी पर्स उघडून दाखवली. आत काड्यांची जुडी होती, रबर लावलेली. "एवढ्या दिल्या."

सुनेने दोन दाढांच्या मधून दोरा घातला. निरोगी तोंडात दोन दात एकमेकांना खेटून असतात. दोरा जाताना अडतो आणि टक्कन आत उतरतो. इथं तो रिकाम्या गल्लीतून सायकल जावी तसा गेला. आणि खाली हिरडीपाशी पोचल्यावर अडकला. ओढला तर पिंजून बाहेर आला, लाल होऊन.

तिने एक्स-रे काढला. पडद्यावर दाढ दिसली आणि दाढेच्या बाजूला, हिरडीच्या जरा खाली, फिलिंगची कड बाहेर आलेली. घराला छज्जा असतो तशी.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"खाली छज्जा, वर गल्ली," सून म्हणाली. "वर दाढ शेजारणीला टेकत नाही म्हणून अन्न आत जातं. खाली मसाला बाहेर आलाय म्हणून तिथं साचतं आणि हिरडी सुजते."

"आणि हे ह्यांनी केलंय."

सून पिंजलेला दोरा ट्रेमध्ये ठेवू लागली. पुरावा पडद्यावर असताना साक्षीदाराने बोलू नये.

तेवढ्यात मोठे डॉक्टर दारात आले. बायको सुनेच्या खुर्चीत बसलीय हे त्यांना मावशींकडून कळलं होतं. मावशी कुणाच्याच बाजूने नसल्यामुळे त्यांची बातमी दोन्हीकडे पोचत असे. त्यांनी एक्स-रेकडे दुरूनच पाहिलं.

"अँगल चुकलाय."

या दवाखान्यात चुकलेलं फिलिंग आजवर एकही सापडलं नव्हतं. चुकलेले अँगल मात्र बरेच होते.

"दुसऱ्या अँगलने काढू, सर?"

"काही गरज नाही. मी भरलेली दाढ उघडायची नाही. ही आमच्या दवाखान्याची पद्धत आहे."

"अहो," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "दाढ कुणाची आहे?"

आत पोस्टमास्तर आ वासून बसले होते. मोठे डॉक्टर त्यांच्याकडे परत गेले.

"दे इंजेक्शन," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते खरंच चिडतील."

"चिडू देत. तू शनिवारी जाणारच आहेस. मला कुठं जाता येतंय?"

सुनेने कपाट उघडलं आणि चार महिन्यांनी आपला डबा काढला. इंजेक्शन दिलं. बधिर झाल्यावर दाढांभोवती निळं रबर ताणून बसवलं, त्यातून फक्त तीन दात वर आले. रबर बसल्यावर सासूबाईंचं बोलणं थांबलं. मावशींनी आत डोकावून पाहिलं आणि न सांगताच निळ्या उजेडाचा दिवा आणून ठेवला. दवाखान्यात दिवा एकच होता. मोठ्या डॉक्टरांनी पोस्टमास्तरांच्या दाढेत गोंद लावून तो नुकताच दिव्याखाली पक्का केला होता आणि दिवा रिकामा दिसल्यावर मावशींनी तो उचलला. आता चूक म्हणा किंवा काहीही म्हणा.

जुनं फिलिंग काढायला वेळ लागला. दाताच्याच रंगाचं असतं, दात कुठं संपतो आणि पाप कुठं सुरू होतं ते चटकन कळत नाही. छज्जा सुटला, किडीचा थोडासा मऊ भाग निघाला आणि दाढेच्या बाजूची भिंत पूर्ण उघडी झाली. आता तिथं खोका होता, तीन बाजूंनी बंद आणि शेजारच्या दाढेकडे उघडा. मसाला भरायचा तर त्या बाजूला आधी तात्पुरती भिंत हवी. ती भिंत म्हणजे बँड, केसाएवढी पातळ पत्र्याची पट्टी.

सुनेने डब्यातून छोटी, पोट फुगलेली पट्टी काढली. निरोगी दाढेची कड फुगीर असते, तशीच. ती दोन दाढांच्या मधे सरकवली. मग लाकडाची बारीक पाचर चिमट्यात धरली आणि जिभेच्या बाजूने पट्टीच्या मागे, हिरडीलगत आत ढकलली.

नेमक्या त्याच वेळी मोठे डॉक्टर पुन्हा दारात आले.

"दिवा कुठाय?"

"इथं आहे, सर."

"तुला आत्ता लागतोय का?"

"अजून दहा-बारा मिनिटांनी."

"मग दे. पोस्टमास्तरांचं भरून झालंय. चाळीस सेकंदांचं काम."

न्यायाने पाहिलं तर दिवा त्यांना मिळायला हवा होता. सुनेने हात पुढे केलाही. पण सासूबाईंनी दिवा ट्रेवरून आधीच उचलला होता. त्यांनी तो मांडीवर पर्सवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हातांची घडी घातली. तोंडात निळं रबर, त्यावर चौकट, चेहरा वेल्डिंग करणाऱ्यासारखा. त्या म्हणाल्या, "अं-अं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात या उच्चाराचा अर्थ मोठ्या डॉक्टरांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"अगं, पेशंट बसलाय आत. बँड लावलेला आहे तोंडात."

"अं-अं."

"खुर्चीवरचा मोठा दिवा मी बंद करून आलोय, मसाला आधीच धरू नये म्हणून. माणूस अंधारात बसलाय."

सासूबाईंनी एक बोट उचललं आणि सुनेच्या हाताकडे रोखलं. बघा, असं त्यात होतं. मग बोट पुन्हा घडीत गेलं.

बायकोच्या हातातून दिवा हिसकावणारे मोठे डॉक्टर नव्हते. शिवाय दार उघडं होतं आणि बाहेर चार पेशंट बसले होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले. दिवा मिळेपर्यंत त्यांना बघण्यावाचून इलाज नव्हता.

सुनेने प्रोबचं, म्हणजे तपासायच्या बारीक सळीचं, टोक खोक्याच्या तळाशी, पट्टी आणि दाढ यांच्या मधे फिरवून पाहिलं. टोक आत घुसलं.

"पाचर लहान पडतेय," ती मावशींना म्हणाली. "इथं फट राहिली तर मसाला त्यातून खाली ओघळेल आणि पुन्हा छज्जा होईल. मोठी द्या."

मोठी घातली. फट मिटली, पण पाचर तळापेक्षा वर आली आणि पट्टीचं पोट आत दबलं. असंच भरलं असतं तर दाढेच्या कडेला खळगा पडला असता.

"झालं सुतारकाम?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही, सर. आत्ताच सुरू होतंय." तिने पाचर काढली, नव्या पात्याने तिची वरची धार तासली, पुन्हा तासली, आणि पुन्हा बसवली. या वेळी पाचर तळाच्या खाली राहिली, प्रोब कुठंच घुसला नाही आणि पट्टीचं पोट जागच्या जागी होतं.

"पाचरीने हिरडीतून रक्त येतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि रक्त लागलं की पांढरं चिकटत नाही. म्हणून मी पाचर सोडली. अनुभव आहे हा."

"चांदी भरायचात तेव्हा घालायचात ना?"

"तेव्हा घालायचो. चांदीला रक्ताचं काय?"

"सर, रक्त येत होतं ते तुम्ही कापसाने अडवत होता म्हणून. रबर लावलं असतंत तर आलं नसतं. बघा, आलंय?"

त्यांनी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण बघितल्यासारखं दाखवलं नाही.

सुनेने रिंग काढली, लांब टोकांची, स्प्रिंगसारखी, आणि चिमट्याने ताणून दोन्ही दाढांच्या मधे बसवली. सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

"थोडं दाबल्यासारखं होईल, आई. दाढा केसभर बाजूला सरकताहेत. पाचर आणि रिंग काढली की त्या मागे येतील आणि पट्टीच्या जाडीची फट मिटेल."

"मी पण दाबतोच," मोठे डॉक्टर म्हणाले. "नीट ठासून भरलं की शेजारच्या दाढेला टेकतंच. तीस वर्षं टेकलं."

सून थांबली. गोल टोकाचं हत्यार तिच्या हातात होतं, पट्टी शेजारच्या दाढेला चोळून टेकवायला घेतलेलं.

"सर, चांदी ठासली की पट्टीला बाहेर ढकलते. ओल्या रेतीसारखी भिंतीला रेटते. पांढरा मसाला ठासला तर बाजूने वर येतो. लोण्याला बुक्की मारून भिंत पुढे सरकते का? पट्टी जिथं असते तिथंच भिंत होते. तुमचा हात चुकला नाही. मसाला बदलला."

लाळ ओढणारा पंप तेवढा चालू होता. मावशी कापसाच्या गुंडाळ्या मोजायला लागल्या. त्यांची मोजदाद कालच झाली होती.

"मला शिकवू नकोस," मोठे डॉक्टर अखेरीस म्हणाले. त्या वाक्यात नेहमीचा जोर नव्हता.

"मी आईंची दाढ भरतेय," सून म्हणाली.

आम्ल, पाणी, हवा, गोंद. मग तिने हात पुढे केला आणि सासूबाईंनी दिवा लगेच दिला. काम झालं की परत मांडीवर. आधी पट्टीलगत पातळ भिंत उभी केली, दिवा. मग आत थोडा मसाला, दिवा. पुन्हा थोडा, पुन्हा दिवा. प्रत्येक वेळी दिवा मांडीवरून येई आणि मांडीवर जाई, देवळातल्या दानपेटीच्या किल्लीसारखा.

आतल्या खोलीतून पोस्टमास्तर "ऑ-ऑ" असं काहीतरी म्हणाले.

"आता मोठ्या डॉक्टरांना दिला तरी चालेल," सून म्हणाली. सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. रबर हललं.

रिंग निघाली. पाचर निघाली. पट्टी निघताना जरा अडली. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी अडलेली पाहिली. दवाखान्यात पट्टी हल्ली सहज निघत असे आणि त्याला ते कौशल्य समजत असत. रबर काढलं, चावून पाहिलं, उंचवटा घासला.

सुनेने दोरा कापला. पण स्वतः घातला नाही. तो सासऱ्यांपुढे धरला.

"तुम्ही बघा, सर."

"मी कशाला?"

"अँगल माझा चुकायला नको."

मोठे डॉक्टर पुढे आले. हातमोजे घातले. बायकोच्या तोंडावर वाकले. दोरा वरून दाबला, अडला, त्यांनी जरा जोर लावला आणि टक्क असा आवाज झाला. त्यांनी दोरा खाली हिरडीपर्यंत नेला, दाढेला गुंडाळून वर-खाली केला. कुठं अडकला नाही. वर ओढला. पुन्हा टक्क. दोऱ्याकडे निरखून पाहिलं. पिंजला नव्हता. त्यांनी पुन्हा घातला. आणि मग तिसऱ्यांदा. बेचाळीस वर्षांत बायकोकडे एवढं लक्ष दिल्याची नोंद नसावी.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "जरा जास्तच घट्ट आहे."

"दिवा," सासूबाई म्हणाल्या आणि तो त्यांच्या हातात दिला. अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे तो शब्द "दिआ" असा आला. पण द्यायची पद्धत बधिर नव्हती.

मोठे डॉक्टर वळले तर दारात पोस्टमास्तर उभे होते. वाट पाहून ते उठून आले होते. त्यांच्या तोंडातून बँडच्या पकडीची दांडी बाहेर आली होती आणि गळ्यात पेशंटचा रुमाल होता. ते बराच वेळ तिथं उभे असावेत. त्यांनी दांडीमागून, लाळ सांभाळत विचारलं, "आवाज कशाचा आला?"

"दोऱ्याचा," मावशी म्हणाल्या.

"माझ्या एकाही दाढेत असा आवाज होत नाही."

पोस्टमास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली होती आणि उघडली नव्हती. पण मजकूर त्यांना पाकिटावरून कळे.

"माझ्या वरच्या दाढेतून अन्न निघत नाही म्हणून मी रोज काड्या नेतो," ते म्हणाले. "म्हटलं वयामुळे." मग सुनेकडे वळून, "हे आत्ता भरलेलं अजून ओलंच आहे ना?"

"दिवा लागला नाही, तोपर्यंत ओलं," सून म्हणाली. "नुसतं खरवडून निघेल."

"मग खरवडा. मला त्या आवाजाचं हवंय."

मोठे डॉक्टर म्हणाले, "पोस्टमास्तर, चाळीस सेकंदांत झालं असतं."

"साहेब, माझ्याकडे वेळ आहे. मी रिटायर झालोय."

पोस्टमास्तरांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण ते लागायचं तिथं लागलं.

सून काउंटरवर गेली. डायरी फिरवली. डाव्या रकान्यात पोस्टमास्तरांचं नाव होतं, ते तिने खोडलं आणि उजव्या रकान्यात लिहिलं. पेन्सिलने नाही, पेनने. समोर लिहिलं, फिलिंग, पन्नास मिनिटं. आणि खाली, सरांनी काही म्हणायच्या आत, दुपारच्या ओळीत पाचर, बँड, रिंग असं मागणीचं लिहून ठेवलं, दोन्ही खुर्च्यांसाठी.

"आणि शनिवार?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. हातात दिवा तसाच होता.

"शनिवारी इथं फिलिंग आहेत की तिथं, ते तुम्ही सांगा, सर. मी कुठंही फिलिंगच करणार आहे."

त्यांनी डायरीकडे पाहिलं. मग पोस्टमास्तरांच्या तोंडातल्या दांडीकडे. मग दिवा काउंटरवर ठेवला, उजव्या रकान्याच्या बाजूला.

"साडेबाराला एक साफसफाई आहे," मावशी डायरीत बघत म्हणाल्या. चेहरा कोरा. "मॅडम तर आता पन्नास मिनिटं अडकल्या. ती कोण घेणार, सर?"

मोठे डॉक्टर हातमोजे बदलायला आत गेले.

सासूबाई पर्स घेऊन निघाल्या. अर्धा चेहरा अजून बधिर होता, म्हणून हसू एकाच बाजूला आलं. जाताना त्यांनी काउंटरवरचा काचेचा वाडगा उचलला, त्यातल्या काड्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्या आणि वाडगा धुवायला म्हणून घरी नेला.